पीटीच्या तासाला श्रेणी मिळते ती कशाची?

प्रिय पालकहो,



प्रगतिपत्रकं वाटून झाली की पुढचा आठवडाभर शाळेत फोन येत राहतात. माझ्या विषयाबद्दलचे फोन मुख्यतः दोन प्रकारचे. पहिला तावातावाने येतो: "आमचा मुलगा तालुक्याला शंभर मीटरमध्ये पहिला आलाय, त्याला शारीरिक शिक्षणात ब-१ कसा काय?" दुसरा जरा दबक्या आवाजात: "बाई, मुलीला अ-२ दिलाय, चुकून तर नाही ना? तिला धड पळताही येत नाही हो." दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, पण ते फोनवर सांगून संपणारं नाही. म्हणून हे पत्र.

आधी नियमाचं सांगते. महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. मराठी, गणित, विज्ञान यांना आकारिक आणि संकलित असे दोन भाग असतात. म्हणजे वर्षभराचं काम वेगळं आणि सत्राच्या शेवटची परीक्षा वेगळी. शारीरिक शिक्षणाला संकलित परीक्षाच नाही. शंभरच्या शंभर गुण आकारिक, म्हणजे तासातास होणाऱ्या निरीक्षणाचे, प्रात्यक्षिकांचे, उपक्रमांचे. ९१ च्या वर अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, असं खाली उतरत जातं. आमच्याकडे आठवीला मी या शंभराची वाटणी अशी करते: कौशल्याला ४०, प्रयत्नांना आणि स्वतःच्याच तुलनेत झालेल्या सुधारणेला ३०, सहभागाला ३०. सगळ्यात मोठा वाटा अजूनही कौशल्याचाच आहे, हे तावातावाने फोन करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

आता त्या दोन मुलांकडे येऊ. नावं नकोत, शिवाय इथे दोन-तीन मुलांचं मिळून एकेक चित्र केलेलं आहे. जुलैत आम्ही सहाशे मीटरची धाव घेतो. 'खेलो इंडिया'च्या शालेय चाचणीत पन्नास मीटर, पुढे वाकणं, जोर वगैरेंबरोबर हीसुद्धा असते. तालुक्याला पहिला आलेला मुलगा दोन मिनिटं पंचेचाळीस सेकंदांत आला, वर्गात तिसरा. येताना शेजारच्याशी गप्पा चालू होत्या. दुसरी मुलगी तीन मिनिटं पन्नास सेकंदांनी आली, शेवटून दुसरी. येऊन खाली वाकली, गुडघ्यांवर हात टेकले, विचारलं तर बोलता येईना. नुसतं घड्याळ पाहून श्रेणी द्यायची तर प्रश्नच मिटला. पण त्या घड्याळात नक्की काय मोजलं गेलं, ते बघायला हवं.

तेराव्या-चौदाव्या वर्षी सहाशे मीटरची वेळ बऱ्याच अंशी शरीर कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर ठरते. मुलींची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलांचा चौदाव्याच्या. पण ही सरासरी झाली. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलग्यांपैकी एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. पहिल्याचे पाय लांब, स्नायू भरलेले. दुसऱ्याचं शरीर अजून पाचवी-सहावीतलं. शिवाय एकाच वर्गात वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेलं आणि शेवटी जन्मलेलं मूल असतं, तो अकरा-बारा महिन्यांचा फरक वेगळाच. काही मुलं तर भराभर उंच होत असताना उलट बेढब होतात. हातपाय लांबलेले असतात, पण त्यांचा अंदाज अजून आलेला नसतो. सहावीत सुरेख लंगडी घालणारी मुलगी आठवीत अडखळू लागते, ती आळशी झाली म्हणून नव्हे.

त्यात घराण्याचा वाटा आहेच. क्लॉड बुशार या शास्त्रज्ञाच्या चमूने १९९० च्या दशकात 'हेरिटेज' नावाचा मोठा अभ्यास केला. व्यायामाची सवय नसलेल्या कुटुंबांतल्या पावणेपाचशेवर माणसांकडून, म्हणजे आईवडील आणि त्यांची सतरा वर्षांवरची मुलं यांच्याकडून, वीस आठवडे, आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली सायकल चालवून घेतली. सगळ्यांना व्यायाम सारखाच. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ते आधी आणि नंतर मोजलं. सरासरी वाढ मिनिटाला सुमारे चारशे मिलिलिटर निघाली. पण काहींची वाढ जवळजवळ शून्य, तर काहींची लिटरभरावर! आणि हा फरक कुटुंबाकुटुंबांप्रमाणे पडलेला होता. हा अभ्यास शाळकरी मुलांवर झालेला नाही, त्यामुळे त्याचे आकडे मी आठवीच्या वर्गाला लावत नाही. पण सारखीच मेहनत करून दोन शरीरांना सारखंच फळ मिळत नाही, एवढं त्यावरून समजतं.

उरलेला वाटा घरच्या परिस्थितीचा. कोणी सकाळी सहाला क्लबमध्ये प्रशिक्षकाकडे जातो, कोणी त्याच वेळी लहान भावंडाला सांभाळत असते. मला आठवड्याला पस्तीस मिनिटांचे दोन तास मिळतात. त्या सत्तर मिनिटांत मी कोणाची उंची वाढवू शकत नाही की कोणाची आनुवंशिकता बदलू शकत नाही. मग जे मी शिकवलंच नाही आणि मुलाने माझ्या तासाला कमावलंच नाही, त्याची श्रेणी मी कशाच्या जोरावर देऊ? मुलाने या तासाचं काय केलं, याचीच श्रेणी मला देता येते.

यावर एक हुशार प्रश्न येतो: मग गणितात का नाही प्रयत्नांना गुण? गणितातही पायऱ्यांना गुण असतात, पण ते सोडा. खरा फरक असा की गणिताच्या बाई अपूर्णांक शिकवतात आणि अपूर्णांकच विचारतात. सहाशे मीटरची वेळ हा माझा धडा नाही. धावताना श्वास कसा सांभाळावा, सुरुवातीलाच सुसाट का सुटू नये, हा माझा धडा आहे. तो आला की नाही, हे मी कौशल्याच्या चाळीस गुणांत पाहते.

प्रयत्न मोजायचे कसे, ही मात्र खरी अडचण आहे. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात नेपरव्हिल नावाचं शहर आहे. तिथले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक फिल लॉलर यांची गोष्ट जॉन रेटी या मानसोपचारतज्ज्ञांनी २००८ च्या 'स्पार्क' या पुस्तकात दिली आहे. लॉलर यांनी सहावीच्या एका मुलीला छातीवर हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा बांधून मैलभर धावायला पाठवलं. मुलगी काटकुळी, खेळाडू वगैरे अजिबात नाही, वेळही अगदी सामान्य. नंतर त्यांनी पट्ट्यातली नोंद पाहिली, तर धावभर तिचे ठोके सरासरी मिनिटाला १८७ होते आणि शेवटची रेषा ओलांडताना २०७. त्या वयाला हृदय जास्तीत जास्त जेवढं पळू शकतं, जवळजवळ तेवढं ती पळवत होती. एरवी त्या वेळेवरून ही टंगळमंगळ करते आहे असंच कोणीही म्हटलं असतं. लॉलर यांची श्रेणी देण्याची पद्धत तिथून बदलली.

आमच्याकडे पट्टे नाहीत, बोटं आहेत. धाव संपल्यासंपल्या तर्जनी आणि मधलं बोट गळ्याच्या एका बाजूला, कंठाच्या कडेला, हलकेच टेकवायचं आणि दहा सेकंद ठोके मोजायचे. सहाने गुणलं की मिनिटाचा आकडा. अंगठा लावायचा नाही, कारण त्याची स्वतःचीच नाडी लागते. दोन्ही बाजूंनी एकदम दाबायचं नाही. आणि ताबडतोब मोजायचं, कारण पंधरा-वीस सेकंद रेंगाळलं की ठोके उतरू लागतात. सत्राचे पहिले काही तास मुलं हमखास चुकतात, आणि एका ठोक्याची चूक म्हणजे मिनिटाला सहाचा फरक. म्हणून जोडीदाराकडून पुन्हा मोजून घेतो. त्या दिवशी दहा सेकंदांत मुलाचे ठोके २७ भरले, म्हणजे मिनिटाला १६२. मुलीचे ३३, म्हणजे १९८. तालुक्याचा पहिला सहज फेरी मारून आला होता आणि शेवटून दुसरी जिवाच्या आकांताने धावली होती.

नाडीवरही आंधळा विश्वास ठेवता येत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात ती उगाच चढते, भीतीने चढते, आदल्या दिवशीच्या तापाने चढते. म्हणून मी सोबत मुलांना विचारते: एक ते दहात किती दमलात? स्वीडनच्या गुन्नार बोर्ग या मानसशास्त्रज्ञाने अशी मोजपट्टी तयार केली होती. त्यांची ६ ते २० अशी होती, आठवीच्या पोरांना दहाची सोपी पडते. नाडी १२०, श्वास शांत आणि तोंडाने म्हणे 'नऊ', तर मी हसते आणि पुढच्या वेळी त्या पोरावर जास्त लक्ष ठेवते. नाडी १९० आणि उत्तर 'पाच' असेल तर काळजी वाटते, कारण असं मूल त्रास लपवत असतं. त्याला मी आधी सावलीत बसवते.

सुधारणा मोजण्यातही एक मेख आहे, आणि ती मुलांना माझ्याआधी कळते. जुलैत मुद्दाम रखडायचं, फेब्रुवारीत नेहमीसारखं धावायचं, की झाली 'सुधारणा'! जुलैची नाडी इथे कामी येते. १३० ठोक्यांवर संपलेली धाव मी आधारासाठी धरतच नाही, पुन्हा धावायला लावते. दुसरी मेख उलट बाजूची. जो मुलगा आधीच जोरात धावतो त्याला आणखी दहा सेकंद कमी करणं फार अवघड असतं, आणि हळू धावणाऱ्याला त्या मानाने सोपं. म्हणून नुसते सेकंद मोजून गुण दिले तर चांगल्या धावपटूवर अन्याय होईल. त्या तीस गुणांत सेकंदांचा वाटा मी थोडाच ठेवते. बाकी नाडी, त्यांनी ठेवलेली सरावाची वही आणि शेवटपर्यंत न थांबता आलात का, यावर. फेब्रुवारीत मुलगी तीन मिनिटं बावीस सेकंदांत आली, ठोके जुलैइतकेच. तिला ३० पैकी २८. मुलगा दोन त्रेचाळीस, ठोके पुन्हा १६० च्या घरात, वहीत चार पानं भरून पुढे कोरी. त्याला १७.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात इथे काय चाललेलं असतं, हेही पाहायला हवं. जॉन निकल्स या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की साधारण अकरा-बारा वर्षांपर्यंत मुलांना प्रयत्न आणि कुवत या दोन गोष्टी नीट वेगळ्या करता येत नाहीत. खूप मेहनत करणारा तोच हुशार, असं त्यांना वाटतं. मग एक दिवस लक्षात येतं की जीव तोडून धावूनही शेवटी आलो, तर आपल्यात दम नाही हेच सगळ्यांसमोर सिद्ध होतं. तिथपासून 'मी धावलोच नाही नीट' ही पळवाट सुरू होते. बुटाची नाडी सुटते, पोटात दुखतं, वही घरी राहते. श्रेणी फक्त वेळेवर असेल तर अशा मुलासाठी प्रयत्न न करणं हाच शहाणपणा ठरतो.

आता सहभाग. पुष्कळ पालकांना सहभाग म्हणजे हजेरी वाटते. मैदानावर उभं राहून तास काढणं म्हणजे सहभाग नव्हे. खो-खोचं उदाहरण घ्या. आठ जण पाटीत एकाआड एक उलट्या दिशांना तोंड करून बसलेले, नववा पाठलाग करतोय. त्याला दिशा बदलता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. पळणारा रेषेच्या पलीकडे निसटला की बसलेल्याच्या पाठीला हात लावून 'खो' द्यायचा आणि त्याची जागा घ्यायची. आमचा धावपटू खो देतच नाही. पायांवर भरवसा, त्यामुळे खांबापर्यंत एकटाच पळतो, आणि पळणारा आरामात पाटीतून आत-बाहेर करतो. बसलेला असताना त्याचं लक्ष मैदानाबाहेरच्या मित्रांकडे. मागून खो आला की दचकून उठतो. ती मुलगी मात्र बसल्याजागी पळणाऱ्याकडे मान वळवून असते, उठायच्या तयारीत, टाचा उचललेल्या. खो मिळाला की दोन पावलं धावते आणि पळणारा वळला की लगेच पुढच्याला खो देते. तिच्या पायांत वेग नाही, पण तिच्या पाटीतून गडी बाद होतात. सहभागाच्या तीस गुणांत मी हेच बघते: आपली पाळी येईपर्यंत खेळात असतेस का, पाळी आली की मागच्याला पुढे ढकलतोस का, बाद झाल्यावर पुन्हा आत येतोस का.

एका वर्गात छप्पन्न मुलं. सगळ्यांकडे एकाच तासात नीट पाहणं कुणाला जमणार नाही, आणि जमतं असं म्हणणाऱ्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नका. म्हणून दर तासाला सातच मुलांची नोंद करते, कोणाची ते मुलांना माहीत नसतं. आठ तासांत, म्हणजे महिनाभरात, वर्ग पुरा होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे एखाद्या वाईट दिवसाने कोणाची श्रेणी जात नाही.

इथे जबाबदारी माझीही असते. 'बाद झाला तो बाहेर' अशा खेळात सगळ्यात कच्चं मूल सगळ्यात आधी बाहेर बसतं आणि सगळ्यात कमी खेळतं. मग त्याचा सहभाग कमी पडला म्हणायचा मला काय अधिकार? म्हणून अशा खेळांत बाद झालेला दहा बैठका काढून परत आत येतो.

गणवेश, बूट, बडबड यांचे गुण मी कापत नाही. अमेरिकेतल्या पुष्कळ शाळांत खेळाचे कपडे न आणल्याबद्दल गुण कापायची पद्धत रूढ आहे, आणि तिथल्याच या क्षेत्रातल्या अनेक जाणकारांचा तिला विरोध आहे. मलाही त्यांचंच पटतं. बूट नसणं ही घरच्या खर्चाची गोष्ट आहे. शिस्तीचा प्रश्न असेल तर तो मी वर्गशिक्षकांकडे नेते, श्रेणीत मिसळत नाही. मुलींच्या पाळीच्या दिवसांचंही तसंच. मुलीने हजेरीपटावर आपल्या नावापुढे टिंब काढायचं, बस्स. कारण विचारलं जात नाही, आईची चिठ्ठी लागत नाही, आणि त्या दिवशी नोंदीची पाळी असेल तर पुढच्या तासाला ढकलली जाते. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलांना धावायला लावत नाही. ती घड्याळ लावतात, गुणपत्रक सांभाळतात, पंचांच्या खुणा शिकून पंचगिरी करतात. त्यांचे तीसही गुण तिथे पडतात. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी मात्र हवी, आणि ती जूनमध्येच हवी.

तर हिशेब असा. मुलगा: कौशल्य ३६, प्रयत्न १७, सहभाग २०. बेरीज ७३, ब-१. मुलगी: कौशल्य २६, प्रयत्न २८, सहभाग २८. बेरीज ८२, अ-२. कौशल्यात तो तिच्या दहा गुणांनी पुढे आहे आणि ते मी कुठे लपवलेलं नाही. त्याच्या वेगाची कदर कुठेच होत नाही असंही नाही. शालेय क्रीडा स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात, १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत. त्या संघांची निवड करताना मी फक्त घड्याळ आणि टेप बघते. कोण किती मनापासून सराव करतो याला तिथे एकही गुण नाही. पुढे दहावीला, ठरलेल्या पातळीपर्यंत खेळलेल्यांना क्रीडागुणांची सवलतही आहे. निवडीचं माप वेगळं, शिकण्याचं वेगळं. मुलाच्या वडिलांना मी हेच सांगेन की त्याला संघात घेताना मी क्षणभरही थांबणार नाही, पण ब-१ ब-१च राहील.

प्रगतिपत्रकावर श्रेणीखाली वर्णनात्मक नोंदीची ओळ असते. ती बहुतेक घरी वाचली जात नाही. यंदा तिथे मी 'चांगला', 'समाधानकारक' असलं काही लिहिलेलं नाही. जुलै आणि फेब्रुवारीची वेळ, दोन्ही वेळची नाडी आणि खो-खोतली एक गोष्ट लिहिली आहे. शनिवारच्या पालकसभेत माझी नोंदवही टेबलावर असेल. आपल्या मुलाचं पान जरूर पाहा. दुसऱ्याच्या मुलाचं दाखवणार नाही. एखादी नोंद पटली नाही तर तारखेसह विचारा, त्या दिवशी काय पाहिलं ते सांगेन. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना नाडी मोजायला सांगा. जूनमध्ये पहिल्याच तासाला विचारणार आहे.

आपली,
शारीरिक शिक्षण शिक्षिका, इयत्ता आठवी